सेल्समधून प्रॉडक्ट मार्केटिंग: सहा वर्षांच्या डायऱ्या कामाला येतील का?

खडीसाखर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत सेल्सला आहे, सहा वर्षं झाली. आमचं सॉफ्टवेअर औषधांच्या स्टॉकिस्टसाठी, म्हणजे होलसेलवाल्यांसाठी. बिलिंग, बॅच, एक्सपायरी, स्कीम, येणी, सगळं. पश्चिम महाराष्ट्र आणि विदर्भ माझ्याकडे. आता कंपनीत प्रॉडक्ट मार्केटिंगची जागा निघाली आहे आणि मला ती हवी आहे. रोज गाडी मारून कंबर गेली हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे वरून जे माहितीपत्रक येतं ते घेऊन दुकानात शिरायची मला लाज वाटते. 'क्लाउडवर आधारित संपूर्ण फार्मा ईआरपी' असं लिहिलंय त्यावर. सहा वर्षांत एकाही स्टॉकिस्टने मला 'क्लाउड आहे का हो' असं विचारलेलं नाही.

इंटरव्ह्यूला एक असाइनमेंट आहे. एक्सपायरी क्लेमचं, म्हणजे मुदत संपलेला माल कंपनीला परत पाठवून त्याचे पैसे मागायचं, नवीन मॉड्यूल येतंय, त्याचं पोझिशनिंग आणि लाँच प्लॅन पाच पानांत द्यायचाय. माझ्याकडे एमबीए नाही, पण प्रत्येक भेटीची नोंद असलेल्या डायऱ्या आहेत. त्यातून पोझिशनिंग कसं काढतात? की नुसतं 'मला कस्टमर माहीत आहे' एवढंच म्हणत बसणार मी?

स्लाइडसम्राट

आधी एक सांगा, इन्सेंटिव्ह सोडून जगता येईल का? मार्केटिंगमध्ये क्वार्टर संपला की पैसे नाही, फक्त नवीन स्लाइड मिळते.

आत्याबाई

माझ्या भाच्याने तीन महिन्यांचा डिजिटल मार्केटिंगचा कोर्स केला आणि आता तो घरबसल्या जाहिराती चालवतो. तुम्हीही तोच करा, एमबीएची गरज नाही. हवं असल्यास क्लासची चौकशी करून सांगते.

निवांतनाना

आत्याबाई, ते वेगळं आणि हे वेगळं हो. भाचा लोकांना दुकानापर्यंत आणतो. यांना दुकानाच्या पाटीवर काय लिहायचं ते ठरवायचंय.

जुनापापी

खडीसाखर, मीही सेल्समधूनच आलो, नऊ वर्षं झाली. सविस्तर लिहितो.

सेल्समधून येणाऱ्यांची पहिली चूक अशी की त्यांना शेवटची हरलेली डील आठवते आणि तेच मार्केट वाटतं. सांगलीचा एक मोठा पार्टीवाला तुम्हाला काहीतरी बोलला असेल, ते डोक्यात बसतं आणि तुम्ही पाचही पानं त्यालाच उद्देशून लिहिता. म्हणून आठवणीवर जाऊ नका, डायऱ्याच काढा. गेल्या दोन वर्षांत डेमो झाला पण घेतलं नाही असे सगळे एका शीटवर उतरवा. प्रत्येकासमोर एकच गोष्ट लिहायची, की तुमचं घेतलं नाही, मग त्याने काय केलं? दुसरं घेतलं, का आहे तेच चालू ठेवलं? 'किंमत जास्त वाटली' हे उत्तर धरू नका, ते तुम्हाला दारापर्यंत सोडायला वापरलेलं वाक्य असतं.

हे मोजल्याशिवाय पोझिशनिंगचं एक अक्षर लिहू नका. आपण नक्की कोणाशी लढतोय हेच कळलं नसेल तर वेगळेपण सांगणार तरी कोणाच्या तुलनेत?

खडीसाखर

रविवार घातला यात. बायको म्हणाली, एवढा अभ्यास बारावीला केला असतास तर.

डेमो होऊन न घेतलेले ४६ निघाले. त्यातले ९ दुसऱ्या कंपनीकडे गेले. ४ जणांनी धंदाच बंद केला किंवा भावाभावांत वाटणी झाली. उरलेले ३३ आहे त्याच जुन्या सॉफ्टवेअरवर आहेत. मी इतके दिवस मीटिंगमध्ये ओरडत होतो की समोरची कंपनी भाव पाडते, भाव पाडते. भाव पाडून त्यांनी नेले फक्त नऊ.

जुनापापी

आता ते ३३ पुन्हा वाचा. डेमोच्या वेळी मालकाशिवाय खोलीत कोण होतं, हे लिहिलंय का?

खडीसाखर

आईशप्पथ. ३३ पैकी २१ ठिकाणी 'ऑपरेटर बसला होता' अशी नोंद आहे. मी ती डेमोला चांगलं लक्षण म्हणून लिहिली होती.

स्लाइडसम्राट

😂😂 चांगलं लक्षण

कोकमकढी

मला वाटतं तुम्ही उगाच अवघड करताय. सेल्सवाल्याचं भांडवल म्हणजे गिऱ्हाइकाची भाषा. तो जे शब्द वापरतो तेच कागदावर लिहायचे, झालं पोझिशनिंग. स्टॉकिस्ट 'एक्सपायरीत पैसे बुडतात' म्हणतो ना? मग मथळा तोच. मी खताच्या कंपनीत असंच करायचो, शेतकरी बोलेल तेच पोत्यावर.

जुनापापी

कोकमकढी, अर्धं बरोबर आहे. शब्द त्याचेच हवेत, वाद नाही. पण माणूस कशाबद्दल कुरकुरतो आणि कशासाठी पैसे काढतो, यात अंतर असतं. पुण्यात ट्रॅफिकबद्दल सगळेच बोलतात, त्यासाठी घर कोण बदलतं? एक्सपायरीत पैसे बुडतात असं ४६ च्या ४६ जण म्हणाले असतील. तरी ३३ जागचे हलले नाहीत.

गांधीबागकर

मी इथं नुसता वाचाले येतो पण आता राहवत नाही. मी स्वतः स्टॉकिस्ट आहो, नागपूर, गांधीबाग. तुमच्या त्या तेहतीस जणांत मी नाही, पण असू शकलो असतो.

ऐका भाऊ. माह्याकडं बिलिंगवर जो पोरगा आहे तो अकरा वर्षांपासून एकच सॉफ्टवेअर चालवते. माउसले हात लावत नाही. सकाळी दहा ते एक फोनवर ऑर्डरी येतात, एका कानाले फोन, डोळे भिंतीवर आणि बोटं चालूच. औषधाची पहिली तीन अक्षरं टाकली का बॅच त्याले पाठ. तुम्ही येता, रंगीत स्क्रीन दाखवता, तो एकदा माउसकडं पाहते आणि एकदा माह्याकडं. तुमची डील तिथंच संपली. तो तोंडानं काही म्हणत नाही. तुम्ही गेल्यावर म्हणते, "मालक, घ्या, पण मार्चमंदी लेजर जुळलं नाही तं मले बोलू नका." मग मी घेईन काय?

आणि एक्सपायरीचं म्हणाल तं हो, पैसे अडकतात. रिटेलरवाले गोणी भरून पाठवतात, त्यात अर्ध्या स्ट्रिपा कापलेल्या, बॅच नंबरच कापून गेलेला. ते कंपनीनिहाय लावा, कोणत्या बिलात घेतली होती ते शोधा, कंपनीच्या सी अँड एफ एजंटकडं पाठवा. प्रत्येक कंपनीची मुदत वेगळी. एक दिवस उशीर झाला का माल परत. आणि क्रेडिट नोट आली तर कापून येते, काहून कापली ते कोणी सांगत नाही. पण यासाठी मी चालतं बिलिंग बदलणार नाही. गोणी कोपऱ्यात पडून राहू शकते, सकाळचं बिलिंग थांबू शकत नाही.

निवांतनाना

खडीसाखर, हा एक प्रतिसाद प्रिंट काढून देवघरात ठेवा.

तिरपी_रेघ

मी प्रॉडक्ट मॅनेजर आहे, दुसऱ्या क्षेत्रात. गांधीबागकरांनी जे सांगितलं त्यावरून एक विचारते. हे एक्सपायरी मॉड्यूल वापरायला तुमचं आख्खं सॉफ्टवेअर घ्यावं लागतं का? की जुन्या सॉफ्टवेअरमधून खरेदीची बिलं एक्सेलमध्ये काढून त्यावर चालेल?

खडीसाखर

सध्या आख्खं घ्यावं लागतं. पण एक्सेलवरून खरेदी आयात करायची सोय आहे, ती आम्ही नवीन गिऱ्हाइकाचा डेटा आणायला वापरतो. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या... चालेल बहुतेक.

म्हणजे पोझिशनिंग असं होईल का: 'तुमचं बिलिंग आहे तसंच राहू द्या, एक्सपायरीचे अडकलेले पैसे आम्ही दाखवतो'?

जुनापापी

आता कुठे पोझिशनिंगला सुरुवात झाली. बघा तुमचं वाक्य कसं तयार झालं. लढाई 'जुनं चालतंय' याच्याशी आहे, हे शीटवरून कळलं. बदलाची भीती कोणाला, तर ऑपरेटरला, हे डायरीतल्या ज्या नोंदीकडे तुम्ही उलटं बघत होता तिच्यातून कळलं. मग तुमच्याकडचं असं काय आहे जे त्या भीतीला हातच लावत नाही? एक्सपायरीचं काम दुपारी तीननंतर होतं, वेगळा माणूस करतो, बिलिंगच्या स्क्रीनशी त्याचा संबंध नाही. हे दुकानात उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

पुढचं काम म्हणजे हे सगळ्यांना लागू नाही हे लिहायची हिंमत. ज्याच्याकडे पाच-सहाच कंपन्यांची एजन्सी आहे त्याला क्लेम हाताने जमतात. ज्याच्याकडे साठ-सत्तर कंपन्या आहेत आणि एक्सपायरीला एकच माणूस आहे, हे त्याच्यासाठी. सेल्सवाल्याला हे जड जातं, कारण आपल्याला प्रत्येक दुकान म्हणजे लीड वाटतं. तुमच्या पाच पानांत 'कोणाकडे जायचं नाही' असा एक परिच्छेद हवाच.

तिरपी_रेघ

थांबा, मला एक हरकत घ्यायची आहे. 'बिलिंग राहू द्या' म्हणणं म्हणजे प्रॉडक्टच बदलणं आहे, मार्केटिंग नाही. कंपनीचा धंदा आख्खं सॉफ्टवेअर विकण्यावर आहे. वेगळं मॉड्यूल विकलं तर किंमत वेगळी, सपोर्ट वेगळा, आणि जुन्या सॉफ्टवेअरच्या प्रत्येक आवृत्तीचं एक्सेल वेगळ्या रकान्यांचं. आमच्याकडे एकदा असंच झालं, मार्केटिंगने गोड वाक्य लिहिलं आणि पुढचे चार महिने माझी टीम रकाने जुळवत बसली. असाइनमेंटमध्ये हे लिहायचं तर त्याचा खर्चही लिहा.

जुनापापी

खर्च लिहावा हे मान्य. पण सेल्समधून आलेल्या माणसाने हे बोलायचं नाही तर कोणी बोलायचं? मग राहतं फक्त माहितीपत्रक सजवणं.

तिरपी_रेघ

बोला ना. पण गिऱ्हाईक नको म्हणाला म्हणून आम्ही प्रॉडक्टचे तुकडे करायचे, हे दर वेळी चालत नाही. आपलं यावर जमणार नाही, सोडा.

पेठेतला

मी सपोर्टला होतो अशाच एका कंपनीत, लाँचबद्दल सांगतो कारण लाँचची घाण शेवटी सपोर्टच्या फोनवर येते.

गेल्या वर्षी आमचं नवीन मोबाइल ऑर्डरचं लाँच सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ठरलं होतं. बॅनर तयार, पेढेसुद्धा सांगितले होते. ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी काउन्सिलचा निर्णय आला, औषधं १२ वरून ५ टक्क्यांवर, काही शून्यावर, लागू २२ सप्टेंबरपासून. तो सोमवार, घटस्थापना. मार्केटिंगने तरी मेल पाठवला, 'ऑर्डर घ्या आता मोबाइलवर!' त्या दिवशी आलेल्या शेकडो फोनपैकी एकही मोबाइल ऑर्डरबद्दल नव्हता. सगळ्यांचा प्रश्न एकच, जुन्या एमआरपीचा, १२ टक्क्यांनी घेतलेला माल गोडाऊनला पडलाय, सोमवारी बिल कसं फाडू?

आमच्यात एक सेल्समधून मार्केटिंगला गेलेला पोरगा होता. त्याने कोणाला न विचारता एक पान लिहिलं, '२१ तारखेला, रविवारी, दुकान बंद असताना करायची कामं'. आधी बॅकअप, मग दर बदलायचा कुठे, मग एक खोटं बिल करून बघायचं आणि रद्द करायचं. रविवार का, तर त्याला माहीत होतं की होलसेलवाला सोमवारी सकाळी दहानंतर कोणाच्या बापाचं ऐकत नाही. ते पान व्हॉट्सअ‍ॅपवर इतकं फिरलं की दुसऱ्या सॉफ्टवेअरवाले स्टॉकिस्टसुद्धा आम्हाला फोन करायला लागले. मोबाइल ऑर्डरचं लाँच दिवाळीनंतर गेलं, पेढे आम्ही खाल्ले.

गांधीबागकर

ते पान माह्याकडं आलं होतं! आमच्या पोराने त्यावरूनच केलं. म्हणजे तुमचंच होतं काय ते.

पेठेतला

असेल, असेल 😄 त्या पोराला सांगतो, खूश होईल.

खडीसाखर

हे सोन्यासारखं आहे. मी लाँच प्लॅनमध्ये तारीख १५ मार्च टाकली होती, क्वार्टर संपायच्या आत म्हणून.

गांधीबागकर

पंधरा मार्च?? या भाऊ, चहा पाजतो, पण कॉम्प्युटरजवळ येऊ देणार नाही.

जुनापापी

सेल्सचं कॅलेंडर डोक्यातून जायला वर्ष लागतं 😀 तारीख गिऱ्हाइकाच्या रिकाम्या वेळेवर ठरवा. मार्चअखेर नको, दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस नकोत. मे-जून बघा.

आणि लाँच म्हणजे घोषणा नाही. आधी सहा स्टॉकिस्टकडे महिनाभर चालवा, सगळे तुमचे लाडके घेऊ नका, दोन असे घ्या ज्यांनी तुम्हाला नाही म्हटलं होतं. त्यांच्याकडून एकच आकडा काढायचा, की क्लेम पाठवल्यावर क्रेडिट नोट किती आल्या आणि किती कापून आल्या. तो आकडा हातात आल्याशिवाय माहितीपत्रकावर रुपयाचं चिन्ह टाकू नका. आणि महिन्याभरात बहुतेक क्रेडिट नोटा आलेल्याच नसतील, तेव्हा धीर धरा किंवा कमी बोला.

मग सेल्सच्या मित्रांना काय देणार? चाळीस स्लाइड्स दिल्यात तर ते उघडणार नाहीत, तुम्ही तरी उघडत होता का? एक पान, आणि डेमोचा डेटा. डेमोमध्ये 'प्रॉडक्ट ए, प्रॉडक्ट बी' नको, खऱ्या औषधांची नावं, खऱ्यासारख्या बॅच, त्यात एक कापलेल्या नंबरची स्ट्रिप मुद्दाम. ती आली की समोरचा पुढे सरकून बसतो.

पोझिशनिंग लागलं का हे कळण्याची माझी एक खूण आहे. लाँचनंतर दोन आठवड्यांनी सेल्सच्या दहा कॉलचं रेकॉर्डिंग ऐकतो. दुसऱ्याच मिनिटाला ते जुन्या 'संपूर्ण ईआरपी'वर घसरले असतील तर माझं वाक्य चुकलंय, त्यांना दोष देत नाही. वाक्य चांगलं असेल तर सेल्सवाला ते स्वतःचं म्हणून वापरतो आणि तुम्हाला श्रेय देत नाही.

कोकमकढी

नवीन वाक्य तोंडात बसायला वेळ लागतो हो, दोन आठवड्यांत काय कळणार? आमच्याकडे अख्खा खरीप गेला होता. बाकी पटलं, पोत्याचं माझं विधान मागे घेतो, अर्धं.

मावळती

मी पण सेल्समधून गेले होते या कामात आणि दीड वर्षात परत सेल्सला आले, तेही सांगायला हवं. दिवसभर लिहायचं, मग तेच अकरा जणांना दाखवायचं, प्रत्येकजण एक शब्द बदलणार. सेल्समध्ये नाही म्हणणारा समोर तरी असतो. आणि सहा महिन्यांत माझं गिऱ्हाइकांचं ज्ञान शिळं झालं, मी जुन्याच गोष्टी सांगत होते आणि सगळे मान डोलावत होते. मिळालंच काम तर महिन्यातले चार दिवस तरी सेल्सच्या गाडीत मागे बसून जायचं असं आधीच लिहून घ्या.

आत्याबाई

आता मला कळलं वेगळं आहे ते. भाच्याला वाचायला पाठवलाय धागा. तो म्हणतो खूप मोठा आहे.

खडीसाखर

अपडेट द्यायला उशीर झाला, माफी.

असाइनमेंट दिली. पहिल्याच पानावर ४६ ची शीट, ९, ४ आणि ३३. समोर मार्केटिंगच्या मॅडम, प्रॉडक्टचे सर आणि आमचे सेल्स हेड. सेल्स हेड ३३ बघून म्हणाले, "हे तू मला दोन वर्षं सांगितलं नाहीस?" मी गप्प, कारण दोन वर्षं मी त्यांना भाव पाडण्याच्या गोष्टी सांगत होतो.

'बिलिंग राहू द्या' यावर प्रॉडक्टचे सर तिरपी_रेघ यांच्यासारखेच अडले. एक्सेलचे रकाने कोण जुळवणार, हाच प्रश्न. मी म्हटलं, डेमोच्या वेळी ४६ पैकी ३८ जण दोनच जुनी सॉफ्टवेअर वापरत होते, डायरीत नावं आहेत, आधी तेवढ्याच दोनांचे रकाने करू. ते काही बोलले नाहीत पण त्यांनी ते लिहून घेतलं. मॅडमनी विचारलं की स्टॉकिस्ट स्वतःची खरेदीची बिलं आपल्याला का देईल? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, विचारून सांगतो.

तर गांधीबागकर, तुम्हालाच विचारतो. द्याल का?

गांधीबागकर

खरेदीचे रेट? तुमच्या सर्व्हरवर? नाही देणार. माह्या कॉम्प्युटरवर, माह्यासमोर चालवून दाखवलं आणि फाइल तिथंच राहिली, तर दुपारी तीननंतर या. पोरगा असीन, त्याच्यासाठी काही आणू नका, त्याले वाटते लाच देऊन राहिले.